हार्ड डिस्कला बायोसमधून पासवर्ड की सॉफ्टवेअर एन्क्रिप्शन? डिस्क दुसऱ्या मशीनवर नेली तर काय होतं?

चौकस:
जुन्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेलाय. आतल्या २.५ इंची साटा डिस्कला बायोसमधून हार्ड डिस्क पासवर्ड लावलेला आहे आणि तो मला नीट पाठ आहे. दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपमध्ये डिस्क टाकली की तो पासवर्ड विचारतो आणि बरोबर टाकूनही चुकीचा म्हणतो. यूएसबी केसमध्ये साइझ दिसते, पार्टिशन दिसत नाही. असं का? आणि नव्या मशीनला हाच प्रकार ठेवू, की बिटलॉकर/लक्स बरं?

बिट्टू_सातारकर:
सोपं आहे राव. मदरबोर्डवरचा गोल सेल काढा, दहा मिनिटं थांबा, परत लावा. पासवर्ड साफ.

रात्रपाळी:
बिट्टू, सेल काढून गेला तर बायोसचा पासवर्ड जातो, आणि नव्या लॅपटॉपात बहुधा तोही जात नाही. हा पासवर्ड डिस्कच्या स्वतःच्या फर्मवेअरकडे असतो, मदरबोर्डचा त्याच्याशी संबंध नाही. फिरत्या डिस्कमध्ये तो सहसा प्लॅटरवरच्या राखीव भागात लिहिलेला असतो, म्हणून डिस्कचं सर्किट बोर्ड बदलूनही उपयोग होत नाही.

चौकस, तुम्ही टाइप करता तो शब्द डिस्कपर्यंत जसाच्या तसा जाईलच असं नाही. डिस्कला ३२ बाइट हवे असतात, आणि शब्दाचे ते ३२ बाइट कसे करायचे हे प्रत्येक बायोस आपल्या मर्जीने ठरवतो. समजा पासवर्ड आहे pune12. एक बायोस अक्षरांचे आस्की कोड पाठवेल, दुसरा कीबोर्डवरच्या बटणांचे स्कॅनकोड:

```
70 75 6e 65 31 32   (ASCII)
19 16 31 12 02 03   (scancode)
```

डिस्कच्या लेखी हे दोन वेगळे पासवर्ड. जुन्या थिंकपॅडमध्ये स्कॅनकोडचाच प्रकार होता. नंतरच्या काही मॉडेलमध्ये स्कॅनकोडचा हॅश काढून त्यात डिस्कचा सिरियल आणि मॉडेल नंबर मिसळतात. त्यामुळे पासवर्ड तोंडपाठ असला तरी पाठवणारा बायोस वेगळा असेल तर डिस्क नाहीच म्हणणार.

यूएसबी केसमध्ये साइझ दिसते कारण लॉक असलेली डिस्क आपली ओळख सांगते, फक्त सेक्टर वाचू देत नाही. शिवाय बऱ्याच केसमधली चिप अनलॉकची कमांड पुढे पाठवतच नाही.

आता करायचं ते असं. त्याच कंपनीचा आणि साधारण त्याच पिढीचा लॅपटॉप तासाभरासाठी मिळवा. डिस्क त्यात थेट साटावर लावा, पासवर्ड द्या, उघडली की बायोसमध्ये जाऊन हार्ड डिस्क पासवर्ड काढून टाका. नुसतं उघडून बाहेर काढलीत तर वीज गेल्याक्षणी ती पुन्हा लॉक होते. एकदा पासवर्ड काढला की कुठेही लावा. तसा लॅपटॉप मिळेपर्यंत अंदाजाने पासवर्ड मारत बसू नका. पाच चुकीचे झाले की डिस्क ऐकणं बंद करते आणि वीज तोडून पुन्हा दिल्याशिवाय बोलत नाही.

कोकणी_माणूस:
एवढं वाचून फर्मवेअर पासवर्ड वाईटच वाटेल, म्हणून दुसरी बाजू मांडतो. पासवर्ड लावला की डेटा एन्क्रिप्टच होतो, लॅबवालाही काही करू शकत नाही. वेग एक टक्काही कमी होत नाही. लिनक्स असो, विंडोज असो, डिस्कला फरक पडत नाही. आणि किल्ली रॅममध्ये नसते. बिटलॉकर-लक्समध्ये मशीन चालू असताना ती रॅममध्येच पडलेली असते. डिस्क दुसरीकडे उघडत नाही ही तक्रार कशाला? चोराकडे उघडू नये म्हणूनच तर लावतो!

रात्रपाळी:
वेग आणि रॅमचा मुद्दा मान्य. "एन्क्रिप्टच होतो" हे मात्र अर्धंच खरं. तो फक्त स्वतः एन्क्रिप्ट करणाऱ्या ड्राइव्हवर होतो. साध्या फिरत्या डिस्कवर डेटा जसाच्या तसा असतो, पासवर्ड म्हणजे दारावरचा रखवालदार. डेटा रिकव्हरीवाल्यांकडच्या पीसी-३००० सारख्या उपकरणाने अनेक मॉडेलमध्ये तो बाजूला सारता येतो.

एन्क्रिप्ट करणाऱ्या एसएसडीतही फर्मवेअरवर विश्वास ठेवावा लागतो. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी क्रूशियल एमएक्स१००, एमएक्स२००, एमएक्स३०० आणि सॅमसंगच्या काही एसएसडी तपासल्या. काहींत पासवर्ड आणि खरी किल्ली यांचा एकमेकांशी संबंधच नव्हता. फर्मवेअर बदलून तपासणी वगळली की ड्राइव्ह उघडे. बिटलॉकर तेव्हा असा ड्राइव्ह दिसला की काम त्याच्यावरच सोपवायचा. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बदलून सॉफ्टवेअर एन्क्रिप्शन हा डिफॉल्ट केला. आधी चालू केलेल्या ड्राइव्हची पद्धत मात्र आपोआप बदलत नाही. अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये बघा:

```
manage-bde -status C:
```

Encryption Method समोर Hardware Encryption आलं, तर बिटलॉकर बंद करून पुन्हा चालू करावा लागेल, आणि त्याआधी पॉलिसीतून हार्डवेअर एन्क्रिप्शनला मनाई करावी लागेल.

आणि चोराचंच म्हणाल तर: २०१२ मध्ये एरलांगेनच्या संशोधकांनी दाखवलं की चालू किंवा स्लीपमधल्या मशीनच्या ड्राइव्हची वीज न तोडता फक्त डेटा केबल दुसऱ्या संगणकाला लावली, तर अनेक ठिकाणी ड्राइव्ह उघडाच राहतो. लॉक वीज गेल्यावर लागतं, केबल निघाल्यावर नाही.

कोकणी_माणूस:
सोल्डरिंग आणि केबलचे खेळ करणारा चोर माझ्या दारात येणार नाही. ठीक आहे, जुन्या डिस्कचं मान्य. चांगल्या ओपल एसएसडीवर मी तरी हार्डवेअरच ठेवीन. २०२४ पासून लक्सचं cryptsetup सुद्धा ओपल वापरू देतं, ते काय उगीच?

माळरान:
तिथे सॉफ्टवेअर एन्क्रिप्शनच्या जोडीलाही ओपल लावता येतं, बरं का. फक्त ओपल हा वेगळा पर्याय आहे.

मी लक्सवाला, पण डिस्क हलवताना तिथेही गंमत होते. ३२ जीबी रॅमच्या डेस्कटॉपवर लक्स२ केलेली डिस्क १ जीबी रॅमच्या छोट्या बोर्डाला लावली. पासवर्ड बरोबर, तरी उघडेना: Not enough available memory to open a keyslot. आर्गॉन२ला तिथे १ जीबी मेमरी नेमून दिलेली होती. डेस्कटॉपवर परत नेऊन त्याच पासवर्डाची मेमरी कमी केली (किलोबाइटमध्ये द्यायची):

```
cryptsetup luksConvertKey --pbkdf-memory 262144 /dev/sdb1
```

मग छोट्या बोर्डावर उघडली. त्याआधी `luksHeaderBackup` ने हेडर दुसरीकडे ठेवा. हेडर खराब झाला तर पासवर्ड आठवून काही उपयोग नाही.

पाटलीणबाई:
बिटलॉकरवाल्यांनी लक्षात ठेवा, डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की टीपीएम जुन्याच बोर्डावर राहतो. तेव्हा विंडोजचा पिन चालत नाही, ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने नवीन विंडोज ११ घेतलं की पुष्कळदा न विचारता एन्क्रिप्शन चालू असतं, आणि हे बोर्ड जळल्यावरच कळतं. की आजच काढून कागदावर लिहा:

```
manage-bde -protectors -get C:
```

ती हाती असली तर दुसऱ्या विंडोजवर, किंवा cryptsetup २.३ पासून लिनक्सवरही ड्राइव्ह उघडतो. कोणत्या कंपनीचं मशीन, हा प्रश्नच येत नाही.

चौकस:
डिस्क डेस्कटॉपला थेट साटावर लावून `hdparm -I` बघितलं. enabled, locked, not frozen, आणि शेवटी Security level high. याचा अर्थ काय? ऑफिसमध्ये जुन्याच कंपनीचा एक लॅपटॉप आहे, पण दोन पिढ्या नवा.

रात्रपाळी:
high म्हणजे मास्टर पासवर्डानेही डिस्क उघडू शकते. maximum असतं तर मास्टरने फक्त पुसता आली असती. Master password revision code समोर 65534 असेल, तर मास्टर बहुधा कारखान्यातलाच आहे. तो लॅबवाल्याला माहीत असू शकतो, म्हणजे एक वाट उरते.

दोन पिढ्या नव्यावर चालेल का, हे बघितल्याशिवाय सांगता येत नाही, कारण मधेच हॅशची पद्धत बदललेली असू शकते. एकदाच टाका. नाही म्हणाला तर थांबा आणि जुन्या लॅपटॉपचं नेमकं मॉडेल इथे लिहा.