मोअरे पट्ट्यांनी पट्टीचा वाक मोजायचाय, शीट कुठे आणि कशी छापू?

सायन्सवाले_सर: अकरावीच्या मुलांचा प्रयोग आहे. 20 सेंमीची स्टीलची पट्टी एका टोकाला घट्ट धरायची, दुसऱ्या टोकाला वजन अडकवून ते किती वाकतं ते मोजायचं. टोकाला आडव्या रेघांची एक पारदर्शक शीट आणि तिच्यामागे तशीच दुसरी, स्थिर आणि जराशी तिरकी. दोन्हींच्या रेघा एकमेकींवर आल्या की रुंद पट्टे दिसतात, तेच मोअरे पट्टे; टोक हललं की ते सरकतात. कॉलेज रोडवर लेसर प्रिंट काढली, पण एकाच शीटवर आधीच पट्टे दिसतात! नाशकात चांगली प्रिंट कुठे मिळेल?

पैठणी_प्रेमी: मलाही हेच! येवल्याच्या साडीचा फोटो काढला की मोबाईलवर लाटा दिसतात.

अंबडचा_फिटर: ताई, तुमचा प्रश्न वेगळा. तिथे विणीवर कॅमेऱ्याचे पिक्सेल बसतात. सर, तुम्ही रेघांचं अंतर 0.5 मिमी ठेवलंय ना? 600 डीपीआयला ते 11.8 ठिपके होतात, म्हणून प्रिंटर कधी 11 तर कधी 12 ठिपके टाकतो. 12 ठिपके ठेवा, 6 काळे, 6 कोरे. अंतर 0.508 मिमी होईल. ‘फिट टू पेज’ मात्र बंद. एवढं केलं तर कुठलाही लेसर प्रिंटर चालेल, नाहीतर स्क्रीन प्रिंटिंगसाठी फिल्म काढून देणाऱ्याकडे जा.

गणित_गुरू: आणि कोन जितका कमी तितकी अचूकता जास्त. 1 अंशाला पट्ट्यांमधलं अंतर 29 मिमी, म्हणजे हालचाल 57 पट मोठी दिसते. पाव अंश ठेवा.

अंबडचा_फिटर: मोठी दिसते हे खरं, पण पट्टाही तेवढाच रुंद आणि पुसट होतो. त्याचा मध्य कुठे धरणार? शिवाय पाव अंशाला पट्टा 116 मिमीचा, शीटवर एकही पुरा मावणार नाही. 1 अंश पुरे.

खरी गोम पुढे आहे. टोक 1 मिमी खाली गेलं की ते साधारण 0.43 अंशाने कलतंही. 1 अंशाचा कोन 1.43 झाला तर पट्टे 29 वरून 20 मिमीवर येतील, उलटीकडे कलला तर 51 वर. म्हणून पट्टा किती मिमी सरकला हे मोजू नका. बरोबर टोकापाशी मागच्या स्थिर शीटवर खूण करा आणि तिच्यावरून किती पट्टे गेले ते मोजा. एक पट्टा म्हणजे 0.508 मिमी. कोन बदलला तरी हा हिशोब बिघडत नाही.

सायन्सवाले_सर: वजन न लावता नुसतं डोकं हलवलं तरी पट्टे सरकतात, ते का?

अंबडचा_फिटर: दोन शीटांमध्ये फट आहे. शक्य तितक्या जवळ आणा, पण घासू देऊ नका, नाहीतर पट्टी अडेल. मोबाईल स्टँडवर लावून शूटिंग करा. आमच्या मिलिंग मशीनवर सरक मोजणाऱ्या काचेच्या स्केललाही या पट्ट्यांचंच तत्त्व आहे. तिच्यात कूलंट शिरलं की आकडा उड्या मारतो.

गणित_गुरू: मोबाईल कशाला, एक एलडीआर, म्हणजे प्रकाशाचा सेन्सर लावा, पट्टे आपोआप मोजेल.

अंबडचा_फिटर: एकाच एलडीआरला पट्टा डावीकडे गेला की उजवीकडे हे कळत नाही. वजन लटकून पट्टी थरथरली की तोच पट्टा तो पुन्हा पुन्हा मोजेल. पाव पट्ट्याच्या अंतरावर दुसरा लावावा लागेल.

गणित_गुरू: थरथर थांबल्यावर मोजायचं ना!

अंबडचा_फिटर: थांबेपर्यंत किती पट्टे गेले ते कोण सांगणार?

सायन्सवाले_सर: वजन हाताने हळू सोडून आधी मोबाईलनेच बघतो. एलडीआर कुणी प्रत्यक्ष लावून पाहिलेत का?