इथाइनमधला दुसरा पाय बंध फळ्यावर कसा दाखवावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. अकरावीच्या मुलांसाठी कार्बनच्या संकरणाच्या आकृत्या काढते आहे. मिथेन जमला: एक 2s आणि तिन्ही 2p मिसळून चार sp³ कक्षक, 109.5 अंशांवर, प्रत्येकाचं हायड्रोजनच्या 1s शी समोरासमोर अतिव्यापन.

इथीनपाशी पहिला घोटाळा झाला. 2s, 2px आणि 2py मिसळून तीन sp² होतात, 2pz तसाच राहतो आणि दोन्ही कार्बनचे 2pz बाजूबाजूने एकमेकांवर येतात. मी प्रतलाच्या वर एक आणि खाली एक ढग काढला, तर निम्म्या वर्गाने दोन पाय बंध मोजले! आता दोन्ही ढग एकाच रंगात रंगवून मधे 'मिळून एक बंध' असं लिहिते.

पण इथाइनला ही युक्ती पुरत नाही. रेणूचा अक्ष x धरला, तर 2s आणि 2px मिसळून दोन sp होतात, 180 अंशांवर. उरलेल्या 2py आणि 2pz मुळे दोन पाय बंध, एक वर-खाली, दुसरा पुढे-मागे. पुढे-मागेवाला मी तिरका काढला, तर मुलांना दोघांतला कोन 45 अंश वाटला. खरा तर 90 आहे.

अक्षाच्या दिशेने पाहिलेली छेद-आकृती शेजारी काढावी का? शिवाय दोन्ही पाय बंध मिळून इलेक्ट्रॉन ढग अक्षाभोवती नळीसारखा होतो, हे त्याच तासाला सांगावं की नंतर? शिकवणाऱ्यांनी आपली आकृती टाकली तर फार उपयोग होईल.