मदत हवी आहे: येणेबाकीच्या पत्राला उत्तर नाही, पर्यायी तपासणी कुठवर पुरेशी?

मंडळी, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं ऑडिट चालू आहे. बँकेचं कन्फर्मेशन थेट आमच्याकडे आलं. अडलंय ते कोल्हापूरच्या एका ग्राहकाच्या 31 मार्चच्या 18.40 लाख येणेबाकीवर. पत्र आणि स्मरणपत्र आम्हीच पाठवलं, क्लायंटमार्फत नाही. फोनवर त्यांचे अकाउंटंट "बॅलन्स बरोबर आहे" म्हणतात, पण लेखी देत नाहीत. नुसतं तोंडी उत्तर मी कन्फर्मेशन धरत नाही.

म्हणून एसए 505 प्रमाणे पर्यायी तपासणी केली. एप्रिल-मेमध्ये बँकेत 11 लाख आलेत, पण गोल रकमांत, बिल नंबर न देता. एप्रिलमध्येही 9 लाखांची विक्री आहे. मग हे पैसे मार्चअखेरच्या बाकीचेच, हे कशावरून? क्लायंटने जुन्या बिलांना आधी वळते केलेत, पण ती त्याची नोंद झाली, ग्राहकाची नव्हे.

बाकी बिलांच्या चलनांवर ग्राहकाच्या स्टोअरचा शिक्का आहे. मार्चअखेरच्या 3.10 लाखांच्या दोन बिलांना मात्र फक्त ई-वे बिल आणि एलआर आहे. त्यातून माल निघाल्याचं कळतं, पोचल्याचं नाही.

ग्राहकाकडून पेमेंट अ‍ॅडव्हाइस मागवावा का? आणि त्या दोन बिलांना ट्रान्सपोर्टरकडची पोचपावती पुरेल, की आणखी काही लागेल?