‘ज्वारीने मधुमेह बरा होतो’ हे वाक्य दुरुस्त कसं करावं?

सुप्रिया, जुळे सोलापूर
आमच्या आरोग्य अंकासाठी आलेल्या एका लेखात वाक्य आहे: ‘रोज ज्वारीची भाकरी खा, मधुमेह मुळापासून बरा होतो.’ सहकारी म्हणते, त्याजागी ‘ज्वारीमुळे काही जणांना काही प्रमाणात फायदा होण्याची शक्यता असू शकते’ असं लिहू. पहिलं पटत नाही आणि दुसऱ्यातून काहीच कळत नाही. कसं लिहावं?

मंगळवेढेकर
मूळ वाक्य ठेवा. आमच्या वडिलांची उपाशीपोटीची साखर २१० होती. चपाती बंद केली, मालदांडीची भाकरी सुरू केली, तीन महिन्यांत १३५ वर आली. हे घरात घडलेलं आहे, ऐकीव नाही.

आहारसल्लागार
दादा, साखर उतरली हे खरंच. पण २१० आकडा आला की घरात सगळंच एकदम बदलतं. त्या तीन महिन्यांत गोळी सुरू झाली का? चहातली साखर सुटली का? वजन उतरलं का? यातलं एक जरी ‘हो’ असेल, तर श्रेय एकट्या भाकरीला देता येत नाही.

सुप्रियाताई, आधी पुरावा नेमकं काय सांगतो ते बघा. २०२१ मध्ये इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या कृषी संशोधन संस्थेच्या संशोधकांनी भरडधान्यं आणि रक्तातली साखर यांवरचे ६५ अभ्यास एकत्र तपासले, ज्वारीसकट. उपाशीपोटीची साखर सरासरी १२ टक्क्यांनी आणि जेवणानंतरची १५ टक्क्यांनी कमी दिसली. परिणाम आहे, म्हणून सहकारीचं वाक्य गरजेपेक्षा भित्रं आहे. पण साखर कमी चढणं म्हणजे आजार जाणं नव्हे, म्हणून लेखकाचं वाक्य चुकीचं आहे.

धान्य खाल्ल्यावर साखर किती वेगाने चढते, याची तुलना त्यात पॉलिशचा तांदूळ आणि मैद्याशी होती. आपल्या घरची चपाती गिरणीत दळलेल्या सबंध गव्हाची असते. तिच्याऐवजी भाकरी खाल्ली तर तेवढाच फरक पडेल, असं त्या तुलनेवरून म्हणता येत नाही. म्हणून मी असं लिहीन:

‘पांढरा भात किंवा मैद्याच्या पदार्थांऐवजी ज्वारीची भाकरी खाल्ली, तर जेवणानंतर रक्तातली साखर साधारणपणे कमी चढते. त्याने मधुमेह बरा होत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका.’

यात ‘कदाचित’ नाही की ‘शक्यता’ नाही. कशाऐवजी, कधी आणि काय, हे सांगितलं की वाक्य आपोआप पुराव्याएवढं होतं. ‘साधारणपणे’ मात्र लागतं, कारण प्रत्येकाची साखर सारखी चढत नाही.

अक्कलकोट रोड
मग दोन भाकऱ्या खायच्या की तीन? शेंगाचटणी चालेल का? मला दोन वर्षांपासून शुगर आहे.

आहारसल्लागार
तुमचा आकडा तुमचे रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतील, इथे सांगणं बरोबर नाही. पण प्रश्न उपयोगाचा आहे. पोटभर भात खाऊन वर दोन भाकऱ्या घेतल्या तर साखर वाढेलच. ‘ऐवजी’ हा शब्द त्यासाठीच आहे, जागा वाचवायला तो काढू नका.

पाच्छा पेठ
‘मधुमेह बरा होत नाही’ हेही अति ठाम झालं. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये निकाल आले. वर्षभराने जवळपास निम्म्या लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. आहारानेच ना? मग लेखकाला एवढं खोटं का ठरवता?

आहारसल्लागार
अभ्यास बरोबर सांगितलात. पण तिथे तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरी, तेही जेवणाऐवजी सूप-शेक घेऊन. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यात यश सर्वात जास्त होतं. मधुमेह होऊन सहा वर्षांहून जास्त काळ झालेले लोक त्यात नव्हते. त्या निकालावर ज्वारीचं नाव लावता येणार नाही. शिवाय तिथले डॉक्टरही ‘बरा झाला’ म्हणत नाहीत. वजन परत वाढलं की साखर परत येऊ शकते.

मात्र तुमचा एक मुद्दा मान्य. माझं दुसरं वाक्य असं करू: ‘नुसत्या ज्वारीने मधुमेह बरा झाल्याचा पुरावा नाही.’

सुप्रिया, जुळे सोलापूर
इथेच मी अडते. ‘पुरावा नाही’ वाचून माझी सासू म्हणेल, अजून कुणी शोधला नसेल, मी खाऊन बघते. आणि गोळी सोडेल. ‘बरा होत नाही’ तिला लगेच कळतं.

पाच्छा पेठ
पण कळावं म्हणून पुराव्यापुढे जायचं, तर लेखकानेही तेच केलं की. त्याला वाटलं ‘बरा होतो’ म्हटलं की लोक भाकरी खातील.

आहारसल्लागार
दोन्ही चुका सारख्या नाहीत. ‘बरा होतो’ वाचून कुणी गोळी सोडली तर नुकसान होतं. ‘बरा होत नाही’ वाचून कुणी गोळी चालू ठेवली तर काय बिघडलं? तरी मी ‘पुरावा नाही’वरच राहीन, आणि गोळ्यांचं वाक्य त्याला लागूनच, ठळक अक्षरात.

मंगळवेढेकर
वडिलांची फाईल काढली. गोळी त्याच महिन्यात सुरू झालेली दिसते. तरी भाकरीने काहीच केलं नाही, हे मी मानणार नाही.

आहारसल्लागार
तसं मीही म्हणत नाही. दोन्हींपैकी कशाने किती, ते त्या फाईलवरून सांगता येणार नाही.

सुप्रिया, जुळे सोलापूर
पहिलं आणि तिसरं वाक्य घेतलं. दुसऱ्याचे दोन्ही मसुदे लेखकाकडे आणि आमच्या डॉक्टरांकडे पाठवते.