विषय: दुकान विकायचंय, एवढा कमी भाव का?

मकरंद (एडिसन, न्यू जर्सी):
नमस्कार मंडळी. आमचं किराणा दुकान बारा वर्षांचं आहे. आता गुडघे बोलायला लागलेत, म्हणून विकतोय. वर्षाची विक्री 6 लाख डॉलर, मी अडीच लाख मागतोय. एक जण बघून गेला, तो 1 लाखावर सरकत नाही. थट्टा करतोय का?

नीला:
विक्रीचे ठरावीक टक्के धरतात ना?

श्रीकांतकाका:
नीला, तो नुसता पहिला अंदाज. घेणारा बघतो की आपल्या घरी किती येणार. मकरंद, काल फोनवर तू सांगितलेले आकडे मांडतो. टॅक्स रिटर्नवरचा नफा 62,000. त्यात घसारा 8,000, कर्जाचं व्याज 5,000 आणि दुकानाच्या नावावरची घरची गाडी 5,000 परत मिळवले की 80,000. त्याच्या तिपटीहून थोडं जास्तच तू मागतोयस. पण वहिनी आठवड्याला 40 तास गल्ल्यावर बसतात, बिनपगारी. घेणाऱ्याची बायको नर्स आहे, ती बसणार नाही. त्याला माणूस लागेल: वर्षाचे 2,000 तास, 16 डॉलरने 32,000. उरले 48,000. त्याची दुप्पट 96,000. थट्टा नाही करत तो. माल मात्र वेगळा, ताब्याच्या आदल्या रात्री दोघांनी मिळून खरेदीभावाने मोजायचा. तारीख उलटलेली डोशाची पिठं आधीच काढून टाक, नाहीतर त्यावरूनच भांडण लागेल.

मकरंद:
काका, रोखीची थोडी विक्री रिटर्नमध्ये नाहीये...

श्रीकांतकाका:
मग तिचा भाव मागू नकोस. बँक रिटर्नच बघते. आणि हे इथे लिहू नकोस रे, ही मेल साऱ्या मंडळाला जाते!

अविनाश:
पुण्यात आमचं दुकान पागडीचं होतं. विकताना घरमालकाने हिस्सा मागितला. इथेही तसंच का?

श्रीकांतकाका:
इथे पागडी नाही, पण लीज आहे आणि मालकाची संमती लागते. मकरंदच्या लीजचे 14 महिने उरलेत. एवढ्यावर कुठली बँक कर्ज देईल? आधी मालकाकडून मुदतवाढ लेखी घे. तुझी वैयक्तिक हमी असेल तर तीही सोडवून घे, नाहीतर नव्या माणसाने भाडं थकवलं की नोटीस तुझ्या घरी.

नीला:
आम्ही सलून घेतलं तेव्हा वकिलाने ताब्याच्या किमान दहा कामाचे दिवस आधी राज्याच्या कर खात्याला सी-9600 फॉर्म पाठवला होता. न्यू जर्सीत तो घेणाऱ्याने भरायचा असतो. नाहीतर आधीच्या मालकाचा थकलेला कर आमच्या गळ्यात पडला असता. त्यांच्या सेल्स टॅक्सच्या पावत्या सापडेनात, म्हणून काही पैसे वकिलाकडे अडकून राहिले. तुम्ही आत्ताच काढून ठेवा.

श्रीकांतकाका:
आणि सरकारी अन्नमदतीची ईबीटी कार्डं घ्यायचा परवाना तुझ्याबरोबर संपतो. नव्या मालकाला स्वतःचा अर्ज करावा लागेल, तोवर ती गिऱ्हाइकं दुसरीकडे जातील. त्याला आधीच सांग.

मकरंद:
बघतो. सुरुवातीचे तीन महिने गल्ल्यावर बसशील का, असं हिला विचारलं. म्हणाली, "16 डॉलरने बसते." हे त्याला सांगू का?