ब्रँडच्या स्टोअरमधून घेतलेली हार्ड डिस्क, कंपनी म्हणते वॉरंटी नाही (मदत हवी आहे)

मनवा
तातडीने मदत हवी आहे. हार्ड डिस्क घेतली, तीही ऑनलाइन बाजारपेठेतल्या ब्रँडच्या अधिकृत स्टोअरमधूनच. कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकला तर वॉरंटी नाही असं येतंय. परत करायची मुदत संपत आली आहे. माल बनावट आहे का? ठेवू की परत करू? कृपया लवकर सांगा.

पिंपळपान
विक्रेत्याचं नाव काय? आणि कंपनीच्या साइटवर नेमकं कोणतं वाक्य आलं? मुदत संपली, नंबर सापडला नाही, हा नंबर दुसऱ्याच कुणाला विकलेला आहे, या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

मनवा
अधिकृत स्टोअर असं वर लिहिलंच आहे की. नावाखाली `Visit the … Store` अशी निळी लिंक होती, तिच्यावरूनच गेले होते.

सह्यवारा
माल खरेदीच्या साइटच्या स्वतःच्या गोदामातून आला का? आला असेल तर निर्धास्त राहा. गोदामात येणारा माल तपासूनच घेतात. माझी सगळी खरेदी याच एका खुणेवर असते, आजवर त्रास नाही.

वैदेही_क
सह्यवारा, थोडं थांबा. गोदामातून येणं म्हणजे पॅकिंग आणि पोहोचवण्याचं काम साइटने केलं, इतकंच. विकणारा तिसराच असतो. खोका वेळेवर येईल, परत करणंही सोपं जाईल, एवढा भरवसा त्या खुणेने मिळतो. कंपनीने त्या विक्रेत्याला नेमलंय की नाही हे त्यावरून कळत नाही.

मनवा, मी एका वितरकाकडे वॉरंटीच्या टेबलावर बरीच वर्षं काम केलं आहे. तुमच्यासारखी तक्रार तिथे सतत यायची. ती निळी लिंक म्हणजे ब्रँडने सजवलेलं पान, ते बहुधा खरंच असतं. पण त्या पानावरून तुम्ही वस्तूच्या पानावर जाता, आणि वस्तूचं पान सामायिक असतं. एकाच पानावर अनेक विक्रेते आपापला भाव लावून बसलेले असतात आणि खरेदीच्या बटणामागे कोण, हे साइट ठरवते. भाव, साठा, पोहोचवायचा वेळ बदलला की माणूस बदलतो. ऑर्डर उघडा आणि `Sold by` पुढे काय आहे ते इथे लिहा. बिलावरचं नावही बघा. आणखी एक: पानावर गेल्यावर रंग, क्षमता असं काही बदललंत का?

मनवा
हो, ४ टीबी संपली होती म्हणून तिथेच ८ टीबी निवडली. `Sold by` पुढे ब्रँडचंच नाव आहे आणि पुढे ऑफिशियल. बिलावर मात्र भलतंच नाव आहे, कुठल्यातरी ट्रेडर्सचं. आणि वाक्य विचारलं होतंत ते असं: हा भाग संगणक बनवणाऱ्या कंपनीला विकलेला आहे, वॉरंटीसाठी जिथून घेतलात तिथे संपर्क करा.

वैदेही_क
म्हणजे उलगडा झाला. क्षमता बदलली की पान तेच दिसतं, पण प्रत्येक क्षमतेची विक्री स्वतंत्र असते. ४ टीबीला अधिकृत विक्रेता होता, ८ टीबीला नव्हता, असं सहज होऊ शकतं. म्हणून विक्रेत्याची ओळ बघायची ती शेवटची निवड झाल्यावर, पैसे भरायच्या पानावर पुन्हा एकदा.

दुकानाचं नाव विक्रेता स्वतः ठेवतो. त्यात ऑफिशियल शब्द असणं हा पुरावा नाही. नावावर टिचकी मारली की त्याचं पान उघडतं, तिथे नोंदणीचं नाव आणि पत्ता असतो. त्याचा बाकी मालही बघा. अधिकृत विक्रेताही चार ब्रँड विकतो, त्यामुळे नुसतं वेगळं नाव दिसलं म्हणून घाबरायचं नाही. पण डिस्क, शांपू आणि मोबाइलची कव्हरं एकाच घरात दिसली तर सावध व्हायचं. अॅमेझॉनवर त्या पानाच्या पत्त्यात `seller=` नंतर विक्रेत्याचा क्रमांक असतो. नाव बदलता येतं, तो क्रमांक मात्र तसाच राहतो.

सगळ्यात भक्कम वाट उलटी आहे. ब्रँडच्या स्वतःच्या साइटवर कुठे घ्यायचं याची यादी असते, त्या लिंकने बाजारपेठेत शिरा आणि कोणता विक्रेता उघडतो ते बघा. यादीत नसेल तर कंपनीला तो क्रमांक आणि नाव पाठवून विचारा.

तुमची डिस्क बनावट नाही असं वाटतं, नंबर कंपनीच्या नोंदीत आहे. संगणक बनवणाऱ्यांना घाऊक दिलेल्या सुट्या डिस्का बाहेर येतात. त्यांची जबाबदारी त्या संगणक कंपनीकडे गेलेली असते, म्हणून डिस्क कंपनी हात वर करते. माल खरा, विक्रेता अनधिकृत.

रानजाई
माझ्या जुन्या डिस्कमधून टिकटिक आवाज येतो, फोटो कसे काढू? वॉरंटी आहे अजून.

पिंपळपान
रानजाई, डिस्क आधी बंद करा आणि वेगळा धागा काढा. वॉरंटीत नवीन डिस्क मिळेल, फोटो नाही.

मनवा, एक शंका राहते: ती वापरलेली तर नाही? २०२५ च्या सुरुवातीला सीगेटच्या वापरलेल्या डिस्का नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं, त्यांचे वापराचे तास शून्य केलेले होते. सीगेट असेल तर डिस्कमध्ये आणखी एक नोंद असते, ती त्यात पुसलेली नव्हती. `smartctl` ची ७.४ किंवा पुढची आवृत्ती लागेल, आणि `sdX` च्या जागी तुमच्या डिस्कचं नाव:

```
smartctl -a /dev/sdX
smartctl -l farm /dev/sdX
```

पहिल्या आज्ञेतले `Power_On_Hours` आणि दुसऱ्या आज्ञेतले `Power on Hours` जुळायला हवेत. दुसऱ्या आज्ञेत हजारो तास निघाले तर क्षणभरही ठेवू नका.

सह्यवारा
इतकं कोण बघणार? विक्रेत्याला साडेचार तारे असतील तर पुरे.

वैदेही_क
वस्तूच्या नावाखालचे तारे वस्तूचे असतात, सगळ्या विक्रेत्यांच्या ग्राहकांनी मिळून दिलेले. विक्रेत्याचं मत त्याच्या पानावर वेगळं असतं. तिथेही लोक पोहोचायच्या वेळेबद्दलच लिहितात. वॉरंटीची वेळ येते तोवर मत लिहून झालेलं असतं.

जुनाखेळाडू
अधिकृत विक्रेता निवडूनही खात्री नाही. अॅमेझॉनच्या गोदामात एकाच बारकोडचा वेगवेगळ्या विक्रेत्यांचा माल वर्षानुवर्षं एकत्र ठेवला जायचा. मागितला एकाकडे, हातात आला दुसऱ्याचा. मला अत्तर असंच आलं होतं, वासावरून कळलं.

वैदेही_क
हे खरं आहे, त्याला खरेदीदाराकडे उपाय नव्हता. काही ब्रँड प्रत्येक नगावर वेगळा कोड चिकटवतात, अॅमेझॉनच्या `Transparency` योजनेतला कोड अॅपने तपासता येतो. पण त्यातून नग अस्सल आहे एवढंच कळतं, वॉरंटीचं उत्तर मिळत नाही.

मनवा
तासांची नोंद जुळली, दोन्हीकडे अगदी थोडे तास. आता विक्रेता म्हणतोय की वॉरंटी तो स्वतः देईल, शिवाय थोडे पैसे परत करेल. घेऊ का?

पिंपळपान
पानावर कंपनीची वॉरंटी लिहिली होती का? तो स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, विक्रेते पान बदलतात. लिहिलेली असेल तर वस्तू वर्णनाप्रमाणे नाही या कारणाने परत करा. मन बदललं हे कारण देऊ नका, त्यात परतीचा खर्च अंगावर येऊ शकतो. डिस्कवरचा आणि खोक्यावरचा नंबर एकाच फोटोत घ्या, कंपनीच्या साइटवरचं वाक्यही जोडा.

सह्यवारा
मी असतो तर पैसे घेऊन डिस्क ठेवली असती. बॅकअपची दुसरी प्रत म्हणून वापरायची, काय बिघडलं?

वैदेही_क
दुसरी प्रत असेल आणि सूट भरपूर असेल तर त्यात तथ्य आहे. पण त्या विक्रेत्याची वॉरंटी तो साइटवर आहे तोवरच. मनवा, त्यावर एकुलती एक प्रत ठेवणार आहात का?

मनवा
हो, एकच. पानावर कंपनीची वॉरंटी लिहिलेली होती, स्क्रीनशॉट काढला. वर्णनाप्रमाणे नाही या कारणाने परतीची विनंती टाकली आहे, विक्रेत्याचं उत्तर यायचंय. त्या ८ टीबीच्या पानावर आता `Sold by` पुढे तिसरंच नाव दिसतंय, ते ब्रँडच्या यादीत शोधतेय.