230 चं 115 करायला ऑटो ट्रान्सफॉर्मर चालेल, की डबल वाइंडिंगच हवा?

प्रश्नकर्ता: 115 व्होल्टचं 1 केव्हीएचं यंत्र 230 वर चालवायचंय. ऑटो ट्रान्सफॉर्मर हलका आणि स्वस्त पडतोय. घेऊ का?

वाइंडिंगवाले: बिनधास्त घ्या. ऑटोत एकच वाइंडिंग असतं आणि 115 ची तार त्याच्या मधल्या टॅपवरून निघते; डबलमध्ये इनपुट आणि आउटपुटची वाइंडिंग वेगळी, दोघांत तारेचा जोड नसतो. यंत्र 8.7 अँपिअर घेणार, पण लाइनमधून येणार फक्त 4.35. ते वरच्या अर्ध्या वाइंडिंगमधून थेट टॅपवर पोचतात, उरलेले 4.35 खालचा अर्धा भाग पुरवतो. त्यामुळे 500 व्हीएचा कोअर पुरतो आणि तांबंही साधारण निम्मं लागतं. डबल वाइंडिंगला पूर्ण 1000 व्हीएचा कोअर लागेल.

पॅनेल तपासणारा: हिशोब बरोबर आहे, सल्ला पटत नाही. टॅपखालच्या वाइंडिंगचा न्यूट्रलकडचा जोड सुटला तर काय होतं? यंत्र वरच्या वाइंडिंगमार्गे थेट 230 ला जोडलं जातं. लोड भरपूर असेल तर ते वाइंडिंग चोकसारखं व्होल्टेज खातं, पण यंत्र स्टँडबायवर असेल तर आतल्या कपॅसिटरना जवळजवळ पूर्ण 230 मिळतात. डबल वाइंडिंगमध्ये प्रायमरी तुटली तर आउटपुट शून्य होतो, एवढंच.

नवशिका: मग गळती झाली की सप्लाय तोडणारा आरसीसीबी लावला की झालं ना?

पॅनेल तपासणारा: अर्धंच काम होईल. गळती अर्थला गेली तर ऑटोच्या अलीकडचा आरसीसीबी ती ओळखतो. पण वर सांगितलेल्या बिघाडात जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो, त्यामुळे त्याला काहीच कळत नाही. त्यासाठी आउटपुटवर ओव्हरव्होल्टेज रिले हवा.

दुरुस्तीकार: मी तर उघड्या सर्किटला व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या व्हेरिअ‍ॅकवरून 30 व्होल्ट देऊन काम करतो. 30 व्होल्टनं काय होणार?

पॅनेल तपासणारा: कृपा करून हे थांबवा! व्हेरिअ‍ॅकही ऑटोच आहे. प्लग उलटा बसला तर कॉमन टर्मिनल अर्थच्या मानाने 230 वर आणि दुसरं 200 वर. मीटर दोन तारांमध्ये 30 च दाखवणार, हात मात्र अर्थच्या मानाने मोजणार. आधी 1:1 आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे तेवढंच व्होल्टेज देणारा डबल वाइंडिंग, मग व्हेरिअ‍ॅक. आणि आयसोलेशननंतरची कुठलीही बाजू अर्थला जोडू नका.

वाइंडिंगवाले: इथे मी पूर्ण सहमत. 24 व्होल्ट काढायला तर मी ऑटो बनवूनच देत नाही. कोअर जेमतेम 10 टक्के लहान होतो, त्यासाठी आयसोलेशन कोण सोडेल? पण 230 चं 115 करताना निम्मं वजन वाचतं. यंत्राची बॉडी अर्थ केलेली असेल आणि फेज-न्यूट्रल कायमचे जोडलेले असतील, तर मी ऑटोच देईन.

पॅनेल तपासणारा: जोड सुटण्याचा धोका तरीही राहतोच. रिलेशिवाय मी मान्यता देणार नाही.

प्रश्नकर्ता: यंत्र उघडून पाहिलं. फ्यूज आणि स्विच दोन्ही एकाच तारेवर आहेत, प्लग मात्र दोन पिनांचा, कसाही बसतो. अर्थची तार दिसत नाही.

वाइंडिंगवाले: मग ऑटो नको. बॉडी धातूची आहे का, ते आधी सांगा.